मार्गसंकोच : सममूल्यतेच्या घोषणांपासून संबद्ध घटकांच्या गणनेपर्यंत

एखाद्या आलेखाचे शिरोबिंदू आरंभी सुटे आहेत आणि त्याच्या कडा एकामागून एक आपल्या हाती येत आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक कड आल्यानंतर आलेखाचे संबद्ध घटक किती उरले, हे सांगावयाचे आहे. या प्रश्नासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी रीती वियुक्त संचांच्या संयोगाची रीती म्हणून ओळखली जाते, आणि मार्गसंकोच हे तिचे प्रमुख अंग होय. ही रीती दहा-पंधरा ओळींत लिहिता येते. तिच्या वृक्षरूपाची मांडणी १९६४ साली प्रसिद्ध झाली, परंतु तिला एकंदर किती श्रम पडतात याचे नेमके उत्तर १९७५ पर्यंत मिळाले नाही. एवढ्या लहान रीतीचे मोजमाप करावयास अकरा वर्षे का लागावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर रीतीच्या स्वभावातच दडलेले असल्यामुळे प्रथम तिचा उगम व तिची कृती पाहणे अवश्य आहे.

(१) उगम

या रीतीचा जन्म आलेख-सिद्धान्ताच्या अभ्यासातून झाला नाही. तो झाला गणकयंत्राच्या स्मृतीच्या टंचाईतून. १९५७ साली आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषा उपलब्ध झाली, तेव्हा त्या यंत्राची चुंबकीय स्मृती अधिकात अधिक ३२,७६८ शब्दांची होती आणि पुष्कळ ठिकाणी ती याहूनही बरीच कमी असे. गणिताच्या एका भागात लागणारी राशी दुसऱ्या भागात निरुपयोगी होत असेल, तर दोन्ही भागांतील राशींना एकच जागा देणे इष्ट होते. यासाठी भाषेत `EQUIVALENCE` हे विधान ठेवलेले होते. `EQUIVALENCE (A, B), (C, D)` असे लिहिले की पहिल्या दोन नावांना एक जागा व पुढील दोन नावांना दुसरी जागा मिळावी, असा त्याचा अर्थ.

आता याच कार्यक्रमात पुढे कोठेतरी `B` आणि `C` यांची सममूल्यता घोषित केली, तर चारही नावे एकाच जागेवर येतात. ही गोष्ट कोणत्याही एका विधानात लिहिलेली नसते. ती सर्व विधाने एकत्र पाहिल्यावरच निष्पन्न होते, आणि ती काढण्याचे काम कंपायलरवर पडते. नावे म्हणजे शिरोबिंदू आणि घोषणा म्हणजे कडा असे मानले, तर एकत्र येणारी नावे म्हणजे आलेखाचा एक संबद्ध घटक होय. आणि साध्या राशींपुरते बोलावयाचे तर एकूण किती जागा लागतील याचे उत्तर म्हणजे त्या आलेखाच्या घटकांची संख्या होय.

मिशिगन विद्यापीठात मॅड नावाची भाषा सिद्ध करणाऱ्या ब्रूस आर्डन, बर्नार्ड गॅलर व रॉबर्ट ग्रॅहम या तिघांनी १९६१ साली या प्रश्नावर एक रीती प्रसिद्ध केली. गॅलर यांनीच मायकेल फिशर यांच्यासह मे १९६४ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम.’मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती दिली. तीन पृष्ठांच्या या लेखात प्रत्येक सममूल्य वर्ग एका वृक्षाच्या रूपाने मांडण्याची कल्पना आहे, आणि पुढील सर्व इतिहास त्या कल्पनेवर उभा आहे.

(२) वृक्षरूप व घटकांची गणना

प्रत्येक शिरोबिंदूजवळ केवळ एक क्रमांक लिहून ठेवावयाचा, तो त्याच्या पालकाचा. जो शिरोबिंदू स्वतःच स्वतःचा पालक आहे तो मूळ. कोणत्याही शिरोबिंदूपासून पालकांच्या मागोमाग वर चढत गेले की शेवटी मूळ सापडते, आणि दोन शिरोबिंदूंचे मूळ एकच असेल तर ते एकाच घटकात आहेत असे ठरते. येथे वृक्षाच्या आकारास स्वतःचा असा काहीच अर्थ नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. वृक्षातील दुवे म्हणजे आलेखाच्या कडा नव्हेत. एकाच घटकाचे अनेक निरनिराळे वृक्ष असू शकतात आणि ते सर्व सारखेच खरे असतात. मार्गसंकोचाला वाव मिळतो तो या स्वातंत्र्यामुळेच.

आरंभी n शिरोबिंदू असता घटकसंख्याही n असते. नवी कड आली की तिच्या दोन्ही टोकांची मुळे शोधावयाची. ती निराळी असल्यास एक मूळ दुसऱ्याखाली लावावयाचे व घटकसंख्येतून एक वजा करावयाचा. ती एकच असल्यास काहीही करावयाचे नाही, कारण ती कड आधीच जोडलेल्या बिंदूंमध्ये केवळ एक आवर्त निर्माण करते. यात दोन सुधारणा पुढे रूढ झाल्या. पहिली भारनियमाची : लहान वृक्षाचे मूळ नेहमी मोठ्या वृक्षाच्या मुळाखाली लावावे. दुसरी मार्गसंकोचाची : मूळ शोधण्यासाठी ज्या मार्गाने आपण चढलो, त्या मार्गावरील प्रत्येक शिरोबिंदू मूळ सापडल्यानंतर थेट मुळाखाली आणून ठेवावा. दोन्ही सुधारणांसह संपूर्ण कृती आजच्या लेखनपद्धतीत अशी :

```
def find(x):
    r = x
    while parent[r] != r:
        r = parent[r]
    while x != r:
        nxt = parent[x]
        parent[x] = r
        x = nxt
    return r

def join(a, b):
    global count
    a, b = find(a), find(b)
    if a == b:
        return
    if size[a] < size[b]:
        a, b = b, a
    parent[b] = a
    size[a] += size[b]
    count -= 1
```

मार्गसंकोचाची युक्ती प्रथम कोणी योजिली याविषयी एकच नाव सांगता येत नाही. नूथ यांनी तिचे श्रेय ॲलन ट्रिटर यांना दिले आहे. डग्लस मॅकिलरॉय व रॉबर्ट मॉरिस यांनीही लघुतम विस्तारवृक्ष काढण्याच्या एका कार्यक्रमात ती स्वतंत्रपणे वापरली होती. एकाच दशकात निरनिराळ्या हातांना ती सुचली, यावरून ती सुचणे अवघड नव्हते असे दिसते. अवघड ठरले ते तिचे मोजमाप.

(३) एक उदाहरण

दहा नावे घेऊ आणि त्यांना १ ते १० असे क्रमांक देऊ. घोषणा या क्रमाने येतात : (१,२), (३,४), (१,३), (५,६), (७,८), (५,७), (४,८), (९,१०), (२,६). दोन वृक्षांचा भार समान असल्यास दुसऱ्याचे मूळ पहिल्याखाली लावावयाचे, असा संकेत ठेवू.

पहिल्या सहा घोषणांपैकी प्रत्येक घोषणा दोन निराळे घटक जोडते, म्हणून घटकसंख्या १० वरून ४ वर येते. या वेळी १ हे मूळ असून त्याच्याखाली २ व ३ आहेत, आणि ३ च्या खाली ४ आहे. तसेच ५ हे मूळ असून त्याच्याखाली ६ व ७, आणि ७ च्या खाली ८ आहे. उरलेले ९ व १० अद्याप सुटे आहेत.

सातवी घोषणा (४,८) ही या उदाहरणातील महत्त्वाची होय. ४ चे मूळ शोधताना आपण ३ वरून १ वर जातो, व परतताना ४ ला थेट १ खाली आणतो. ८ चे मूळ शोधताना ७ वरून ५ वर जातो, व ८ ला थेट ५ खाली आणतो. दोन्ही वृक्षांत चार-चार शिरोबिंदू असल्यामुळे संकेतानुसार ५ हे १ खाली लागते. घटकसंख्या ३ होते. आठव्या घोषणेने ९ व १० जोडले जाऊन ती २ होते. नवव्या घोषणेत २ चे मूळ १ निघते. ६ चे मूळ शोधताना ५ वरून १ वर जावे लागते, म्हणून ६ हा १ खाली येतो. मूळ एकच असल्यामुळे घटकसंख्या बदलत नाही. शेवटी १ ते ८ हा एक घटक, ९ व १० हा दुसरा. म्हणजे दहा नावांस दोन जागा पुरतात.

या नवव्या घोषणेकडे पुन्हा पाहावे. तिने आलेखाच्या घटकांविषयी नवे असे काहीच सांगितले नाही, तरीही तिने वृक्षाचा आकार बदलला. जोडणी झाली नाही. केवळ विचारणा झाली, आणि त्या विचारणेने पुढील विचारणा स्वस्त करून ठेवली.

याच उदाहरणावरून रीतीतील नेहमीची चूकही दाखविता येते. सातव्या घोषणेच्या वेळी मुळे न शोधता थेट ४ चा पालक ८ असे कोणी लिहिले, तर ४ चा आधीचा पालक ३ पुसला जातो. ४ हा १ च्या वृक्षातून निघून ५ च्या वृक्षात जातो, परंतु ते दोन वृक्ष एकत्र होत नाहीत. घटकसंख्या मात्र ३ असे दाखविते. ही चूक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग असा की स्वतःच स्वतःचे पालक असलेले शिरोबिंदू प्रत्यक्ष मोजावेत. येथे ते १, ५, ९ व १० असे चार निघतात, आणि ३ व ४ यांतील विसंगती उघड होते. मूळ एकच असताही घटकसंख्येतून एक वजा करण्याची चूकही याच मोजणीने पकडली जाते. शुद्ध कृतीत या दोन संख्या प्रत्येक क्षणी समान असतात.

(४) मोजमापाचा प्रश्न

आता श्रमाकडे वळू. भारनियम व मार्गसंकोच ही दोन्ही नसतील, तर रीती किती बिघडू शकते हे पाहणे सोपे आहे. १,००० शिरोबिंदू घ्यावेत, (१,२), (१,३), (१,४) याप्रमाणे (१,१०००) पर्यंत कडा द्याव्यात, आणि प्रत्येक वेळी १ चे मूळ नव्या शिरोबिंदूखाली लावावे. वृक्षाची एक लांब साखळी बनते, आणि १ पासून मूळ शोधावयास प्रत्येक वेळी एक पायरी अधिक चढावी लागते. सर्व पायऱ्यांची बेरीज ४,९८,५०१ होते. आता भारनियम न लावता केवळ मार्गसंकोच लागू केला, तर प्रत्येक शोधानंतर १ हा तत्कालीन मुळाच्या लगत येतो. त्यामुळे पुढच्या वेळी दोनच पायऱ्या पडतात, आणि एकूण बेरीज १,९९५ भरते.

परंतु या एका अनुक्रमावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. भारनियम न पाळता केवळ मार्गसंकोच केला, तर असेही अनुक्रम रचता येतात की ज्यांत एकूण श्रम n log n च्या प्रमाणात होतात. उलट केवळ भारनियम पाळला, तर वृक्षाची उंची log n च्या वर जात नाही, कारण एखादा शिरोबिंदू एक पायरी खाली जातो तेव्हा त्याच्या घटकाची संख्या किमान दुप्पट होते. अर्थात तेव्हाही एकूण मर्यादा n log n हीच राहते. मग दोन्ही एकत्र केल्यास काय होते?

येथे नेहमीची विश्लेषणाची पद्धत अपुरी पडते. एका शोधास अधिकात अधिक किती पायऱ्या लागतील, असे विचारून त्यास शोधांच्या संख्येने गुणिले, तर log n हेच उत्तर पुन्हा हाती येते. ते असत्य नव्हे, परंतु फार सैल आहे. एक शोध महाग पडला म्हणजे त्याने मार्ग आखूड केलेला असतो, म्हणून महाग शोध एकामागून एक येऊ शकत नाहीत. यास्तव एकेका शोधाचा नव्हे, तर सबंध अनुक्रमाचा हिशेब मांडावा लागतो. आणि अनुक्रम चालू असताना वृक्षाचा आकार सारखा बदलत असल्यामुळे तो हिशेब कोणत्या स्थिर वस्तूवर आधारावा, हीच अडचण होती.

फिशर यांनी १९७२ साली दोन्ही नियमांसाठी n log log n ही मर्यादा सिद्ध केली. पुढच्याच वर्षी जॉन हॉपक्रॉफ्ट व जेफ्री उल्मन यांनी ती फार मोठ्या अंतराने खाली आणली. त्यांच्या युक्तिवादाचे पाठ्यग्रंथांत रूढ झालेले रूप थोडक्यात असे आहे. मार्गसंकोच मुळीच केला नसता आणि केवळ जोडण्या झाल्या असत्या, तर शेवटी एखाद्या शिरोबिंदूखाली जितकी उंची झाली असती, तिला त्याची पातळी म्हणावे. संकोच कितीही होवोत, पातळी बदलत नाही. ती स्थिर वस्तू हीच. पातळी r असलेल्या शिरोबिंदूखाली त्या कल्पित वृक्षात किमान 2^r शिरोबिंदू असतात, म्हणून तशा पातळीचे शिरोबिंदू n/2^r हून अधिक असू शकत नाहीत. शिवाय वर चढताना पातळी सतत वाढत जाते, आणि संकोचामुळे शिरोबिंदूस जो नवा पालक मिळतो त्याची पातळी जुन्या पालकाहून अधिक असते.

आता पातळ्यांचे गट पाडावेत : ०, १, २, ३ ते ४, ५ ते १६, १७ ते ६५,५३६. चढताना जी पायरी एका गटातून दुसऱ्या गटात नेते, ती शोधाच्या खाती मांडावी. मुळाशी नेणारी शेवटची पायरीही शोधाच्याच खाती मांडावी. बाकीच्या पायऱ्या ज्या शिरोबिंदूवरून त्या चढल्या त्याच्या खाती मांडाव्यात. k+1 ते 2^k या गटातील एखाद्या शिरोबिंदूच्या खाती अशी नोंद झाली की दर वेळी त्याच्या पालकाची पातळी वाढते. म्हणून 2^k नोंदींच्या आत त्याचा पालक त्या गटाबाहेर जातो, आणि त्यानंतर त्याच्या खाती पुन्हा कधीही नोंद होत नाही. अशा शिरोबिंदूंची संख्या n/2^k हून कमी असल्यामुळे संपूर्ण गटाची नोंद n च्या आत राहते. ‘थोड्यांच्या खाती पुष्कळ, पुष्कळांच्या खाती थोडे’ अशी ही वाटणी आहे.

दहा लक्ष शिरोबिंदूंचा आलेख घेतला तर पातळी १९ च्या वर जात नाही, म्हणजे गट सहाच पडतात. एका शोधाच्या खाती अधिकात अधिक पाच गटांतरे व एक शेवटची पायरी येते. गटांची ही संख्या म्हणजे, n चा लॉगॅरिदम पुनःपुन्हा घेत १ पर्यंत उतरावयास जितक्या वेळा तो घ्यावा लागेल जवळजवळ तितकी होय. तिला log* n असे लिहितात. n हा 2^65536 एवढा घेतला तरी तिचे मूल्य ५ च असते.

इतके झाल्यावर एकूण श्रम शोधांच्या संख्येच्या सरळ प्रमाणातच असतील, असे वाटणे स्वाभाविक होते. रॉबर्ट टार्जन यांनी १९७५ साली याचा निकाल लावला, आणि तो त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आहे : संचसंयोगाची ही रीती चांगली आहे, परंतु एकघाती नव्हे. त्यांनी वरील प्रकारचे गट एकाच थरात न पाडता अनेक थरांत पाडले, आणि m शोधांसाठी श्रमाची मर्यादा m α(m, n) अशी काढली. यातील α हे विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ साली मांडलेल्या अतिवेगाने वाढणाऱ्या फलनाचे व्यस्त रूप आहे. व्यवहारात येणाऱ्या कोणत्याही n साठी त्याचे मूल्य ४ च्या पुढे जात नाही, तथापि ते सीमित नाही. टार्जन यांनी त्याच लेखात असेही दाखविले की ही मर्यादा विश्लेषणाच्या सैलपणामुळे आलेली नाही : खरोखरच एवढे श्रम घेणारे अनुक्रम अस्तित्वात आहेत.

ही त्रुटी या एका रीतीची की मूळ प्रश्नाचीच, हा प्रश्न त्यानंतर उरला. टार्जन यांनीच १९७९ साली दुव्यांवर चालणाऱ्या रीतींच्या एका विस्तृत वर्गासाठी तीच खालची मर्यादा सिद्ध केली. १९८९ साली मायकेल फ्रेडमन व मायकेल सॅक्स यांनी स्मृतीच्या पेशी वाचण्या-लिहिण्याच्या फार व्यापक प्रतिमानातही ती टाळता येत नाही असे दाखविले. म्हणजे कडा कोणत्या क्रमाने येतील हे आधी ठाऊक नसेल, तर हे अतिसूक्ष्म α चुकविता येत नाही.

(५) रीतीच्या मर्यादा

ही रीती कोठे योजावी व कोठे योजू नये, हेही या इतिहासावरून स्पष्ट होते. आलेख संपूर्ण हाती असेल आणि घटक एकदाच मोजावयाचे असतील, तर तिची आवश्यकता नाही. एका शिरोबिंदूपासून निघून पोहोचता येईल तेथवर पोहोचावे, मग न भेटलेल्या शिरोबिंदूपासून पुन्हा निघावे, आणि किती वेळा नव्याने निघावे लागले हे मोजावे. एवढ्याने सरळ प्रमाणातील श्रमांत काम होते. मार्गसंकोचाचे खरे स्थान आहे ते कडा क्रमाने येत असताना मधल्या प्रत्येक अवस्थेचे उत्तर हवे असते तेथे, किंवा आलेख एकाच वेळी स्मृतीत मावत नाही तेथे. जोसेफ होशेन व राऊल कोपेलमन यांनी १९७६ साली पदार्थविज्ञानातील झिरपण्याच्या प्रश्नासाठी जाळीवरील पुंजके मोजण्याची जी रीती दिली, ती या दुसऱ्या प्रकारची होय. जाळी ओळीओळीने वाचावयाची, प्रत्येक पुंजक्यास क्रमांक द्यावयाचा, आणि दोन पुंजके पुढील ओळीत एकत्र आले की त्यांचे क्रमांक सममूल्य ठरवावयाचे. जाळीची संपूर्ण नोंद जवळ ठेवण्याचे कारण नाही. योगायोग असा की हे कामही मिशिगन विद्यापीठातच झाले.

कडा काढून टाकण्याची सोय मात्र या रीतीत नाही, आणि याचे कारण मार्गसंकोचाच्या सामर्थ्याशीच निगडित आहे. वृक्षाचे दुवे आलेखाच्या कडांपासून स्वतंत्र आहेत म्हणूनच ते हवे तसे आखूड करता येतात; पण त्याच कारणाने कोणती कड कोणत्या जोडणीस जबाबदार होती, ही माहिती तेथे शिल्लक राहत नाही. वरील उदाहरणातून (४,८) ही कड काढली, तर घटक तुटतो की (२,६) मुळे टिकतो, हे अंतिम वृक्षावरून सांगता येणार नाही. कडा कोणत्या क्रमाने निघणार हे आधी ठाऊक असेल तर तो क्रम उलटा वाचून त्या जोडीत जाता येते; अन्यथा निराळीच साधने लागतात. तसेच कडांना दिशा असेल, तर सममूल्यतेतील सममितीचा नियमच ढळतो व ही रीती लागू पडत नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. अकरा वर्षे लागली याचे कारण कृतीची जटिलता नव्हे. या रीतीत उत्तर देणे आणि रचना बदलणे ही दोन कामे एकाच क्रियेत मिसळलेली आहेत, आणि अशा क्रियेची किंमत तिच्या एकटीकडे पाहून ठरविता येत नाही. बदलत्या वृक्षामागे न बदलणारी पातळी शोधून काढणे व खर्चाची वाटणी तिच्या आधारे करणे, ही दृष्टी लाभल्यावरच हिशेब जुळला. मिशिगनच्या कंपायलरमध्ये स्मृतीच्या काही जागा वाचविण्यासाठी जी युक्ती निघाली, तिच्या मोजणीसाठी शेवटी आकरमान यांच्या फलनापर्यंत जावे लागले.